‘सापडलं नाही’ म्हणजे ‘यादीत नाही’ नव्हे

निवडणूक जवळ आली की नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, वसईत एक वाक्य ठरल्याप्रमाणे ऐकू येते: ‘आपल्या लोकांची नावं कापली.’ त्यापाठोपाठ मोबाइलवर एक फाइल फिरते. कुणीतरी मतदार यादीची पीडीएफ ‘सर्च करता येईल अशी’ करून घेतलेली असते, त्यात वस्तीतली नावे शोधलेली असतात आणि न सापडलेल्या नावांची वेगळी यादी काढलेली असते. गेली काही वर्षे मी अशा याद्यांवर बसून काम करतो. काही नावे खरोखरच वगळलेली असतात, आणि ती परत आणण्यासाठी झगडावेच लागते. पण त्या ‘गायब’ यादीतली बरीच नावे मूळ पानावर ठळकपणे छापलेली असतात. ती संगणकाला वाचता आलेली नसतात, एवढेच.

माझे म्हणणे दोन भागांत आहे. मतदार यादी चित्राच्या रूपात देण्याचे धोरण चुकीचे आहे, कारण त्याने खासगीपणा फारसा जपला जात नाही आणि चुकांचे ओझे मात्र सामान्य कार्यकर्त्यांच्या माथी येते. आणि हे धोरण बदलेपर्यंत, चित्रातून काढलेल्या मजकुराच्या जोरावर आपण कुणावरही आरोप करू नये. आधी मूळ पान डोळ्यांनी पाहावे. हे दोन्ही का म्हणतो ते समजण्यासाठी अक्षरे नेमकी कुठे बिघडतात ते पाहू.

यादी आहे, पण अक्षरे नाहीत

132 नालासोपारा किंवा 133 वसई या विधानसभा मतदारसंघाची यादी भागवार असते. एखाद्या भागाची पीडीएफ उघडा आणि नावावर बोट दाबून धरा. नाव निवडले जात नाही, पानच हलते. शोधाच्या चौकटीत ‘शेख’ लिहा, उत्तर शून्य येते. कारण त्या फाइलमध्ये ‘शेख’ हा शब्दच नाही, ‘शेख’ या शब्दाचे चित्र आहे. संगणकाच्या दृष्टीने ते अक्षर नसून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी आहे.

संगणकावर हे दोन-तीन आज्ञांत तपासता येते:

```
pdffonts bhag.pdf
pdftotext bhag.pdf - | head
pdfimages -list bhag.pdf
```

पहिल्या आज्ञेला फॉन्टची यादी रिकामी आली, दुसरीला मजकूर काहीच आला नाही आणि तिसरीने प्रत्येक पानावर एक मोठे चित्र दाखवले, तर फाइल निव्वळ चित्रांची आहे. तिसऱ्या आज्ञेत `x-ppi` नावाचा रकाना असतो. चित्रात दर इंचाला किती ठिपके आहेत ते तो सांगतो. अक्षरओळखीसाठी साधारण 300 ठिपके चांगले. दीडशेच्या आसपास असतील तर अनुस्वाराचा टिंब आणि पानावरचा डाग यांत फरक करणे यंत्राला जड जाते. अशा वेळी चित्र मोठे करून पाहणारे पुष्कळ असतात. मोठे केल्याने यंत्राला थोडी मदत होते, पण जो टिंब चित्रात उतरलाच नाही तो मोठा करून परत येत नाही.

ही मूळ यादी कागदावरून स्कॅन केलेली नसते. ती संगणकातच तयार होते आणि मुद्दाम चित्र करून दिली जाते. म्हणून तिची पाने सरळ आणि स्वच्छ असतात. पण कार्यकर्त्यांच्या हातात अनेकदा तिची झेरॉक्स येते, त्यावर पेनाने खुणा केलेल्या असतात आणि मग कुणीतरी मोबाइलने त्याचे फोटो काढून पुन्हा पीडीएफ केलेली असते. ती तिसऱ्या पिढीची प्रत. तिच्यावर वेळ घालवण्याआधी मूळ फाइल मिळवा. महानगरपालिकेच्या निवडणुकीत तर आणखी एक पायरी असते: राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागून वापरतो. म्हणजे एकाच माणसाची नोंद दोन याद्यांत दोन वेगवेगळ्या अनुक्रमांकांवर दिसू शकते. आपण कोणती यादी वाचतो आहोत, कोणत्या तारखेची, हे फाइलच्या नावातच लिहून ठेवावे.

‘ख’चे ‘रव’ कसे होते

चित्रातून अक्षरे काढण्याचे मोफत आणि बऱ्यापैकी चांगले साधन म्हणजे टेसरॅक्ट. मराठीसाठी त्याची `mar` नावाची तयार फाइल मिळते. आता ते एकेक अक्षर सुटे करून ओळखत नाही. संपूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि या आकारानंतर कोणते अक्षर येण्याची शक्यता जास्त, याचाही अंदाज धरते. हा अंदाज त्याने शिकण्यासाठी वापरलेल्या मजकुरातून आलेला असतो. त्या मजकुरात जे शब्द भरपूर, ते त्याला बरोबर वाचता येतात. जे दुर्मीळ, त्यांना ते ओळखीच्या शब्दाकडे ओढते.

इथे आपल्या नावांची अडचण सुरू होते. ‘ख’ हे अक्षर बऱ्याच फॉन्टमध्ये ‘र’ आणि ‘व’ जवळजवळ ठेवल्यासारखे दिसते. आपल्याकडे शेख, खान, खातून, शाहरुख, खालिदा अशी ‘ख’ असलेली नावे भरपूर. जरा ठिपके कमी पडले की ‘शेख’चे ‘शेरव’ होते आणि ‘खान’चे ‘रवान’. ‘फ’ पुसट झाला की आरिफचा ‘आरिक’ आणि इरफानचा ‘इरकान’. मोहम्मदमधला जोड ‘म्म’ एकेरी होतो. सिद्दीकीतला ‘द्द’ हा एकाखाली एक बसलेला जोड, त्याचे ‘द्व’ होते किंवा ‘ध्द’ होते. अंसारीवरचा अनुस्वार गळतो. हे फक्त आपल्याच वाट्याला येते असे नाही. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांची फर्नांडिस, लोपीस ही आडनावेही यंत्राला तितकीच अनोळखी असतात. मुद्दा हा की चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. पाटील आणि जाधव बहुतेक वेळा सुखरूप पार होतात, खान आणि फर्नांडिस अडकतात. मग कुणी घाईने आकडे काढले की ‘अमुक समाजाचीच नावे कमी’ असे चित्र उभे राहते, आणि त्यातला किती भाग यादीचा व किती यंत्राचा हे कुणालाच माहीत नसते.

आणखी एक गुंता आहे. नावाचे तीन थर असतात. माणूस स्वतः जसे लिहितो तो पहिला. यादी करताना कार्यालयात जसे टाइप झाले तो दुसरा. आणि यंत्राने चित्रातून जसे वाचले तो तिसरा. यादीतच ‘अन्सारी’ छापले असेल आणि कुटुंब ‘अंसारी’ लिहीत असेल, तर तो दुसऱ्या थराचा प्रश्न आहे. त्यासाठी नमुना 8 भरून दुरुस्ती मागता येते. यादीत ‘अंसारी’ आहे आणि आपल्या फाइलमध्ये ‘असारी’ आले, तर तो तिसऱ्या थराचा प्रश्न आहे आणि त्यासाठी कार्यालयात जाण्याचे कारणच नाही. हे दोन ढीग वेगळे ठेवले नाहीत तर आपले कार्यकर्ते अधिकाऱ्यासमोर अशा चुकांची यादी घेऊन उभे राहतात ज्या त्यांच्या यादीत नाहीतच. एकदा असे झाले की पुढची खरी तक्रारही कुणी गंभीरपणे घेत नाही.

एक चौकट, अनेक चुका

यादीच्या एका पानावर साधारण 30 चौकटी असतात: तीन रकाने, दहा ओळी. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा म्हणजे एपिक क्रमांक, मतदाराचे नाव, पती किंवा वडिलांचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. समजावण्यासाठी एक काल्पनिक चौकट घेऊ. डोळ्यांना पानावर हे दिसते:

```
S 245                 XYZ1038572
मतदाराचे नाव : खान परवीन आरिफ
पतीचे नाव : खान आरिफ
घर क्रमांक : 8   वय : 31   लिंग : स्त्री
```

आणि यंत्र हे वाचते:

```
5245                  XYZ1O88572
मतदाराचे नाव : रवान परवीन आरिक
पतीचे नाव : रवान आरिक
घर क्रमांक : 3   वय : 37   लिंग : स्री
```

वरवर पाहता दुसरी चौकट अगदी पहिलीसारखीच वाटते. पण आता एकेक बघा. ‘खान’ शोधणाऱ्याला ही बाई सापडणार नाही. ‘आरिफ’ शोधणाऱ्यालाही नाही. एपिक क्रमांकात शून्याच्या जागी `O` अक्षर आले आहे. ही चूक पकडता येते, कारण आजच्या एपिक क्रमांकाची रचना ठरलेली आहे: आधी तीन इंग्रजी अक्षरे, मग सात आकडे. आकड्याच्या जागी अक्षर दिसले की यंत्र चुकले हे उघड. पण त्याच क्रमांकात 3 चा 8 झाला आहे, आणि तो रचनेत चपखल बसतो. कोणताही नियम तो पकडू शकत नाही. उद्या तो चुकीचा क्रमांक खरोखर दुसऱ्या कुणाचा निघाला, तर ‘एकाच क्रमांकावर दोन मतदार’ अशी खोटी दुबार नोंद आपण तयार केलेली असते. वय 31 चे 37 झाले. दोन्ही वये शक्य आहेत, म्हणून तेही निसटते. घर क्रमांक 8 चा 3 झाला, म्हणजे ती बाई कागदावर शेजारच्या घरात राहायला गेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पहिल्या ओळीत आहे. यादीत वगळलेल्या नोंदीच्या अनुक्रमांकाजवळ एक इंग्रजी अक्षर असते: `E` म्हणजे मृत, `S` म्हणजे स्थलांतरित, `R` म्हणजे दुबार, `M` म्हणजे न आढळलेला, `Q` म्हणजे अपात्र. चौकटीवर आडवा `DELETED` असा शिक्काही असतो. यंत्राने `S` ला 5 समजले की ‘S 245’ चे 5245 झाले आणि वगळल्याची खूणच नाहीशी झाली. आपल्या फाइलमध्ये ती बाई मतदार म्हणून जिवंत राहिली. मतदानाच्या दिवशी ती केंद्रावर जाईल आणि परत येईल. ‘नाव गायब’ ही चूक निदान आरडाओरडा करते. ही चूक गप्प बसते, म्हणून ती जास्त घातक. आडव्या शिक्क्याखालचे नाव यंत्राला धड वाचताही येत नाही. म्हणून शिक्क्याच्या चौकटी हाताने वेगळ्या काढणे हाच मार्ग उरतो.

पूर्ण पान एकदम यंत्राला दिले तर आणखी एक घोळ होतो. ते तीन रकाने ओलांडून आडवे वाचते. मग तीन मतदारांची नावे एका ओळीत येतात, त्याखाली तिघांचे पती-वडील. यांतली एखादी ओळ निसटली की पुढची सगळी नाती एक घर सरकतात आणि एकाचा बाप दुसऱ्याला चिकटतो. म्हणून आधी चौकटी कापाव्यात, प्रत्येक चौकट वेगळी वाचावी आणि एपिक क्रमांकाचा तुकडा त्यातूनही वेगळा काढून इंग्रजी म्हणून वाचावा:

```
pdfimages -png bhag.pdf pan
tesseract box_245.png out -l mar --psm 6 \
  -c load_system_dawg=0 -c load_freq_dawg=0
tesseract epic_245.png out_epic -l eng --psm 7
```

मधल्या आज्ञेतले `load_system_dawg=0` आणि `load_freq_dawg=0` हे दोन पर्याय शब्दकोश बंद करतात. नावे शब्दकोशात नसतात. तो चालू ठेवला तर यंत्र अनोळखी नावाला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवायला बघते.

नव्व्याण्णव टक्के म्हणजे किती?

‘अहो, नव्व्याण्णव टक्के बरोबर येतं’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. धरून चालू की शंभर अक्षरांत एकच चूक होते. एपिक क्रमांकात दहा खुणा असतात. दहाही बरोबर येण्याची शक्यता 0.99 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 90 टक्के. बाराशे मतदारांच्या एका भागात त्यामुळे साधारण 115 क्रमांक कुठेतरी चुकलेले असतील. संपूर्ण चौकटीत साठेक खुणा धरल्या तर पूर्ण निर्दोष चौकटीची शक्यता 55 टक्क्यांवर येते. म्हणजे बाराशेपैकी पाचशेहून जास्त चौकटींत निदान एक चूक. प्रत्यक्षात चुका अशा समान पसरत नाहीत. पुसट पानावर त्या दाटीने येतात, स्वच्छ पानावर तुरळक. पण ‘नव्व्याण्णव टक्के’ हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये, एवढे या हिशेबातून नक्की कळते.

मग तपास कसा करायचा? यादी स्वतःच आपल्याला काही खुंट्या देते. अनुक्रमांक ओळीने चढत जातात. 244 नंतर 5245 आणि मग 246 आला की आपली चोरलेली `S` सापडली. शेवटच्या पानावर गोषवारा असतो: मूळ यादीत किती, पुरवणीत किती वाढले, किती वगळले, पुरुष किती, स्त्रिया किती, इतर किती, निव्वळ किती. आपल्या फाइलमधून हेच आकडे काढून जुळवा. स्त्रियांचा आकडा कमी आला तर शक्यता ही की ‘स्त्री’चे ‘स्री’ झालेल्या नोंदी मोजणीतून निसटल्या. एपिकची रचना न जुळणारे क्रमांक वेगळे काढा, पण ते सगळे चुकीचे समजू नका: जुन्या ओळखपत्रांवर `MT/` ने सुरू होणारे तिरप्या रेघांचे लांब क्रमांक असत.

हे सगळे जुळले तरी 3 चा 8 उरतोच. तो फक्त डोळ्यांनी पकडला जातो, आणि त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने मूळ पानावरून क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फाइलमध्ये बघायचा. बाराशे मतदारांचा भाग म्हणजे चाळीस पाने. आमच्याकडे दोघे मिळून हे काम सुटीच्या दिवशी बसून करतात, दर काही पानांनी भूमिका बदलतात, कारण सतत बघणाऱ्याचे डोळे थकले की तो दिसते ते सोडून अपेक्षित ते वाचू लागतो.

दुरुस्ती करताना नवी चूक

‘शेरव’, ‘रवान’ पाहून पहिला मोह होतो तो सगळीकडे ‘रव’च्या जागी ‘ख’ टाकण्याचा. दोन सेकंदांचे काम. पण मग ‘परवीन’चे ‘पखीन’ होते, ‘सरवर’चे ‘सखर’ होते आणि ‘रविंद्र’चे ‘खिंद्र’. ज्या बायकांची नावे यंत्राने बरोबर वाचली होती ती आपण बिघडवलेली असतात, आणि तीही एका झटक्यात सगळ्याच.

यावर उपाय असा की वाचलेल्या नावाला हातच लावायचा नाही. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना करायचा, फक्त शोधण्यासाठी. त्यात नावाचा नुसता सांगाडा ठेवायचा: मात्रा, अनुस्वार, नुक्ता, जोडाक्षरांची खूण सगळे काढून उरलेली व्यंजने.

```python
import re, unicodedata
def sangada(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("रव", "ख").replace("फ", "क")
    return re.sub("[^क-ह]", "", s)
```

यात ‘शेख’ आणि ‘शेरव’ दोघेही ‘शख’ होतात, ‘आरिफ’ आणि ‘आरिक’ दोघेही ‘रक’. ‘परवीन’चा सांगाडा ‘पखन’ असा विचित्र होतो, पण आपण शोधतो तेव्हा शोधशब्दाचाही तोच सांगाडा होतो, म्हणून परवीन परवीनलाच सापडते. एका शोधाला नकोशी नावेही बरीच येतील. येऊ द्यावीत. ती डोळ्यांनी वगळता येतात, न आलेले नाव मात्र डोळ्यांना दिसतच नाही.

तरीही नाव मिळाले नाही तर कुटुंबाकडून शोधा. एका घरातली माणसे यादीत बहुधा जवळजवळ असतात. सासरा, दीर, जाऊ यांपैकी कुणाची चौकट सापडली की ते पान उघडा आणि मागचे-पुढचे अनुक्रमांक बघा. शेवटी आयोगाच्या `electoralsearch.eci.gov.in` या पानावर ओळखपत्र हातात धरून एपिक क्रमांक टाका. तिथला शोध चित्रावर चालत नाही, मूळ नोंदींवर चालतो. इतके करूनही नाव नसेल तरच ‘यादीत नाही’ असे लिहायचे. त्याआधी लिहायचे ते ‘सापडले नाही’. तक्त्यात या दोन गोष्टींचे रकाने वेगळे ठेवा.

चित्राची भिंत कुणाला अडवते?

आता धोरणाकडे येतो. 2018 च्या सुरुवातीला निवडणूक आयोगाने संकेतस्थळांवर याद्या चित्ररूपातच ठेवाव्यात अशी सूचना दिली. त्याच वर्षी मध्य प्रदेशच्या यादीवरून कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले. यादी शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात मिळावी, अशी त्यांची मागणी होती. 12 ऑक्टोबर 2018 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. आयोगाने मतदारांच्या खासगीपणाचे आणि माहितीच्या गैरवापराचे कारण दिले होते. शिवाय न्यायालयाने असेही म्हटले की अर्जदाराला हवे असेल तर तो स्वतःच्या मेहनतीने यादी शोधता येईल अशी करून घेऊ शकतो.

खासगीपणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. 1984 मध्ये दिल्लीत शीख कुटुंबांची घरे शोधायला मतदार याद्या वापरल्या गेल्याचे नंतरच्या चौकशांत पुढे आले. नाव आणि घर क्रमांक एका झटक्यात गाळून काढता येणारी यादी कुणाच्या हातात पडावी, याची काळजी आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार? पण न्यायालयाने सांगितलेली ती ‘मेहनत’ कोण करू शकतो ते बघा. ज्याच्याकडे पैसा आणि माणसे आहेत तो राज्यभराच्या याद्या वाचून घेतो, तपासून घेतो. त्याला चित्राची भिंत म्हणजे थोडा जास्त खर्च. सोपाऱ्यातल्या चार पोरांना मात्र ती भिंतच असते. ती कशीबशी ओलांडतात, आणि पलीकडे पोचतात तेव्हा हातात ‘शेरव’ आणि 5245 असतात. म्हणजे गैरवापर करणारा अडत नाही, तपासणारा अडतो.

खासगीपणा जपायचा तर माहिती कमी द्यावी, अक्षरे पुसट देऊ नयेत. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक भागासाठी एक साधा तक्ता आयोगाने मजकुराच्या रूपात द्यावा: अनुक्रमांक, एपिक क्रमांक आणि वगळले असल्यास त्याची खूण. नाव नको, घर नको, वय नको, फोटो नको. त्यावरून कुणाचा धर्म किंवा गल्ली कळणार नाही. पण ज्याच्या हातात स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे ओळखपत्र आहे, तो क्षणात सांगू शकेल की नोंद आहे की नाही, आणि मागच्या यादीशी ताडून कोणते क्रमांक गळले तेही मोजता येईल. नावांची तुलनाच नाही, म्हणून ‘ख’ आणि ‘रव’चा प्रश्नही उरत नाही.

तोवर आपली बाजू आपण स्वच्छ ठेवायला हवी. चित्रातून काढलेली फाइल मोबाइलच्या ग्रुपवर टाकायची नाही. ज्या भीतीपोटी आपण अस्वस्थ होतो तीच यादी शोधता येईल अशी करून आपणच पसरवायची, हे बरोबर नाही. काम झाले की ती पुसून टाकावी, हातात ठेवावा तो फक्त तपासलेल्या तक्रारींचा कागद. त्या कागदावर प्रत्येक नावासमोर भाग क्रमांक, पान क्रमांक, अनुक्रमांक, मूळ पान पाहणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. कुणाचे नाव वगळा असे सांगणारा नमुना 7 तर फाइलमधल्या ‘दुबार’ क्रमांकांच्या भरवशावर कधीच भरू नये. समोरचा माणूस खरा असतो, आणि आपल्या 3 चा 8 झाल्यामुळे त्याला सुनावणीला उभे राहावे लागते. दुसऱ्या कुणी आपल्या वस्तीविरुद्ध असे गठ्ठ्याने अर्ज भरले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: मूळ पान कुणी पाहिले?